पायाचा सेल्युलायटिस: गोळ्यांवर घरी बरं होतानाचे पहिले तीन दिवस

जुलै-ऑगस्टमध्ये थंडी वाजून ताप आला की ठाणे-नवी मुंबईतला माणूस आधी डेंग्यू-मलेरियाची तपासणी करून घेतो, आणि ते योग्यच आहे. पण काही जणांचे रिपोर्ट निगेटिव्ह येतात आणि तोपर्यंत एका पायाची नडगी गरम, घट्ट आणि दुखरी झालेली असते. जांघेत अवधाण आलेलं असतं. आदल्या रात्रीच्या हुडहुडीचं कारण पायात होतं. सेल्युलायटिसमध्ये ताप बऱ्याचदा आधी येतो आणि पाय काही तासांनी लाल होतो, म्हणून सुरुवातीला पायाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

सेल्युलायटिस म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात आणि तिच्याखालच्या चरबीत पसरलेला जंतुसंसर्ग. बहुतेक वेळा तो स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंमुळे होतो, काही वेळा स्टॅफिलोकोकसमुळे. त्वचा कुठेतरी फुटल्याशिवाय हे जंतू आत शिरू शकत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात ही फट कुठे असते ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. पायाची बोटं फाकवून पाहा. बऱ्याचदा करंगळीजवळच्या बेचक्यात पांढरट, भिजलेली, चिरलेली त्वचा दिसेल. त्या चिखल्या. टाचेच्या भेगा, खाजवून सोललेला डास चावल्याचा फोड किंवा चप्पल लागून झालेली जखम यांतूनही जंतू शिरतात.

मी ऐरोलीत फॅमिली डॉक्टर आहे. असे पाय तपासून, ज्यांना शक्य आहे त्यांना मी गोळ्यांवर घरीच ठेवतो. गोळी कुठली द्यायची ते डॉक्टर ठरवतात. पण पुढचे तीन दिवस पेशंट घरात असतो आणि पायाकडे बघणारे घरचे लोक असतात. काय बघायचं आणि बघितलेल्याचा अर्थ काय लावायचा, ते त्यांना नीट कळावं यासाठी हे लिहितो आहे.

घरी ठेवता येईल का, हे आधी ठरवायचं

माणूस शुद्धीत आणि नीट बोलता-चालता असावा, तोंडाने खाता-पिता यावं, नाडी आणि रक्तदाब ठीक असावा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायला येणं शक्य असावं. एवढं असेल तर गोळ्यांवर उपचार होऊ शकतो.

काही जणांच्या बाबतीत मात्र घरचा प्रयोग करायचाच नाही. मधुमेह आणि पायाला जखम किंवा व्रण, लिव्हरचा आजार, किमोथेरपी चालू असणं, किडनी बसवलेली असणं, रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये दाखवावं. आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती महत्त्वाची आहे. पायाला जखम असताना खाडीच्या पाण्यात किंवा चिखलात उतरला असाल, मासळी साफ करताना काटा घुसला असेल, किंवा खेकड्याने चावा घेतला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. खाऱ्या आणि मचूळ पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असू शकतात. ते काही तासांत पाय काळानिळा करू शकतात, लिव्हर खराब असलेल्यांना तर जास्तच. त्यांच्यावर नेहमीच्या गोळ्या पुरत नाहीत.

दोन्ही पाय सारखेच लाल आणि सुजलेले असतील तर तो बहुधा सेल्युलायटिस नसतो. शिरांचा जुना त्रास किंवा हृदय-किडनीची सूज असू शकते. ताप नाही, पण एकच पोटरी सुजून दुखते आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा लांबचा प्रवास झालाय, असं असेल तर शिरेत गुठळी झाली नाही ना हे डॉपलर सोनोग्राफीने पाहावं लागतं. हा निर्णय फोटो पाठवून होत नाही, पाय डॉक्टरांच्या हाताखाली यावाच लागतो.

गोळी कुठली आणि कशी

डॉक्टर सहसा सेफॅलेक्सिन ५०० मि.ग्रॅ. दर ६ तासांनी देतात, किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची ६२५ ची गोळी दिवसातून दोनदा वा तीनदा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिनसारखं दुसरं औषध. आधी कधी इंजेक्शनने किंवा गोळीने अंगावर पित्त उठलं होतं, धाप लागली होती, ओठ सुजले होते, तर चिठ्ठी लिहिली जाण्याआधीच तसं सांगा. किडनीचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण मात्रा बदलावी लागू शकते.

केमिस्टकडून आपणहून तीन गोळ्यांचं अझिथ्रोमायसिनचं पाकीट आणणं, किंवा घरात उरलेली सेफिक्झिम सुरू करणं, हा या आजारात वाया जाणारा वेळ आहे. अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू आता बरेच आढळतात, आणि सेफिक्झिम स्टॅफिलोकोकसवर फार कमी चालते. पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन घेतलेलं असतं आणि तेच पायालाही पुरेल असं काहींना वाटतं. स्ट्रेप्टोकोकसच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

पहिला डोस चिठ्ठी मिळाल्याबरोबर घ्यायचा, रात्रीच्या जेवणापर्यंत थांबायचं नाही. दर ६ तासांची गोळी असेल तर सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि झोपताना अशी वेळ बसवता येते. मोबाइलवर गजर लावा, कारण दुपारचा डोसच सगळ्यात जास्त चुकतो. चुकलाच तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नका. क्लॅव्ह्युलॅनेटवाली गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर मळमळ कमी होते. पोट थोडं ढिलं होईल, ते चालतं. पाण्यासारखे वारंवार जुलाब किंवा शौचातून रक्त चालत नाही, लगेच फोन करा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर पुढची गोळी घ्यायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

साध्या सेल्युलायटिसला ५ ते ७ दिवसांचा कोर्स सहसा पुरतो. दुसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि शेवटच्या गोळीनंतरही त्वचा थोडी लालसर राहिली म्हणून आपणच आणखी पाकीट आणायचं नाही.

ताप आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० पुरे. दोन गोळ्यांत किमान ६ तासांचं अंतर ठेवा, दिवसात ४ पेक्षा जास्त नकोत, आणि लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील त्याहून जास्त नको. ताप नेहमी पॅरासिटामॉल घेण्याआधी मोजा, नाहीतर आकडा फसवतो. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेल्या कडक वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. त्या किडनीला त्रास देतात, शिवाय आत काही गंभीर चाललं असेल तर ते सांगणारी वेदनाच झाकून टाकतात.

पेनने रेघ आखणं

घरच्या उपचारात सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे बॉलपेन किंवा मार्कर. पहिल्या डोसच्या सुमारास लालीच्या कडेने पूर्ण रेघ आखा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. आंघोळीत पुसट झाली तर त्याच जागी पुन्हा गिरवा, नव्या कडेवर नको.

पुस्तकांतले फोटो गोऱ्या पायांचे असतात, त्यात लाली टमाट्यासारखी दिसते. सावळ्या पायावर लाली दिसेलच असं नाही. तिथे त्वचा काळपट-जांभळट, तुकतुकीत आणि ताणलेली दिसते. अशा वेळी डोळ्यांपेक्षा हातावर विसंबा. हाताची पालथी बाजू आधी चांगल्या पायावरून फिरवा, मग दुखऱ्या पायावर गुडघ्याकडून खाली आणा. जिथे ऊब एकदम वाढते आणि दाबल्यावर दुखतं, तिथे रेघ. मग फोटो काढा. रोज त्याच खिडकीजवळ, तेवढ्याच अंतरावरून, पुढून आणि पोटरीच्या बाजूनेही. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो आणि सकाळचा फोटो यांची तुलना होत नाही.

पाय वर ठेवणं म्हणजे किती वर

पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत टीव्ही पाहणं म्हणजे पाय वर ठेवणं नव्हे. तसा पाय हृदयाच्या खालीच राहतो. आडवं झोपून पोटरीखाली दोन जाड उशा किंवा गुंडाळलेली सतरंजी द्या, टाच छातीपेक्षा उंच आली पाहिजे. फक्त गुडघ्याखाली उशी नको, सगळ्या पायाला आधार हवा. पहिले दोन-तीन दिवस जागेपणीचा बराचसा वेळ असाच जावा. मधूनमधून घोटा वर-खाली हलवत राहा, आणि बाथरूमपर्यंत चालायला काही हरकत नाही. सूज उतरली की दुखणंही लवकर उतरतं, हे रोज दिसतं. मात्र ज्यांना चालताना पोटऱ्या भरून येतात आणि पाय थंडगार असतात, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय पाय उंच करून ठेवू नये.

गरम पाण्याचा शेक, तेलाने चोळणं, घट्ट क्रेप बँडेज, यातलं काही नको. हळदीचा किंवा कडुलिंबाचा लेप आजी प्रेमाने लावते, पण लेपाखाली त्वचेचा रंग दिसत नाही, आणि हे तीन दिवस तो रंग दिसणंच महत्त्वाचं आहे. केमिस्टकडची खाज-बुरशी-जंतू सगळ्यांवर एकच अशी मलमं तर मुळीच नकोत, कारण त्यांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं.

एक पाय, पहिल्या दिवसापासून

आता हे सगळं एका उदाहरणात पाहू. ५२ वर्षांचे गृहस्थ, रबाळे एमआयडीसीत कामाला. पावसात सेफ्टी शूज आतून भिजलेले, तेच दिवसभर पायात. मधुमेह नाही, वजन थोडं जास्त. बुधवारी रात्री थंडी वाजते. गुरुवारी सकाळी डाव्या नडगीवर तळहाताएवढा भाग गरम आणि दुखरा आहे, करंगळीशेजारी चिखल्या आहेत, जांघेत दुखरी गाठ आहे. दवाखान्यात ताप १००, नाडी ८८, रक्तदाब नेहमीसारखा, नाश्ता झालेला. रक्तातली साखर तपासली, ठीक निघाली. ही तपासणी मधुमेह नाही म्हणणाऱ्यांचीही करावी, कारण तो असल्याचं कित्येकांना अशाच वेळी पहिल्यांदा कळतं. सेफॅलेक्सिन सुरू, रेघ आखली, शनिवारी पुन्हा यायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या पत्नीचा फोन येतो. "डॉक्टर, लाली रेघेच्या बाहेर गेलीय. ॲडमिट करायचं का?"

"वहिनी, रेघेच्या किती बाहेर?"

"एक बोटभर असेल. वरच्या बाजूला."

"ताप किती? रात्री झोपले का? काही खाल्लं का?"

ताप ९९ आहे, पोहे खाल्लेत, रात्री थंडी वाजली नाही, दुखणं कालच्याएवढंच किंवा थोडं कमी आहे. मग थांबायचं. पहिल्या २४ तासांत, कधी थोडं जास्तही, लाली बोट-दोन बोटं पुढे सरकू शकते. औषध काम करायला लागलेलं असलं तरी मरणाऱ्या जंतूंमुळे त्वचेतली जळजळ थोडा वेळ वाढते. एवढ्यावरून औषध हरलं असं होत नाही. जुनी रेघ तशीच ठेवून नव्या कडेवर दुसरी रेघ आखायची, तिच्यावरही वेळ लिहायची.

तोच फोन वेगळाही असू शकला असता. लाली एका रात्रीत नडगीवरून गुडघ्याच्या वर गेली, ताप १०२, माणूस कण्हतोय. तेव्हा शनिवारची वाट पाहायची नसते, त्याच सकाळी हॉस्पिटल. म्हणून रेघ एकटी वाचायची नाही. रेघ, ताप, वेदना आणि माणसाची एकूण कळा, चारही एकत्र वाचायच्या.

सुधारणा साधारण एका क्रमाने येते. आधी ताप आणि थंडी जाते, मग दुखणं कमी होतं, मग सूज, आणि सगळ्यात शेवटी रंग. आपल्या पेशंटला शनिवारी, म्हणजे ४८ तासांनी, ताप नाही. लाली दुसऱ्या रेघेवर थांबली आहे आणि तिचा रंग फिका पडतोय. त्वचेवर बारीक सुरकुत्या दिसतात, म्हणजे ताण उतरला. सोमवारपर्यंत लाली पहिल्या रेघेच्या आत आली आणि गुरुवारी कोर्स संपला. नंतर आठवडाभर साल निघत राहिली आणि तपकिरी डाग काही आठवडे टिकला. संध्याकाळी उभं राहिल्यावर थोडी सूज येणंही काही आठवडे चालू राहतं. याला पुन्हा अँटिबायोटिक लागत नाही.

४८ ते ७२ तासांनीही ताप १००.४ च्या वर येतच असेल, दुखणं तेवढंच असेल किंवा लाली पुढेच जात असेल, तर तो गोळ्यांचा नुसता उशीर समजू नये. औषध बदलावं लागेल, शिरेतून द्यावं लागेल, किंवा आत पू साठला असेल. दाबल्यावर मऊ लागणारी, आत पाणी असल्यासारखी गाठ जाणवली तर पू काढावा लागतो, तो नुसत्या गोळ्यांनी आटत नाही.

थेट हॉस्पिटल

सगळ्यात आधी वेदनेबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त उशीर होतो. वरून पाय फारसा वाईट दिसत नाही, पण माणूस दुखण्याने तळमळतोय, हात लावू देत नाही, पॅरासिटामॉलने काडीचाही फरक नाही. दिसण्याच्या मानाने दुखणं फार जास्त, हे नेक्रोटायझिंग फॅसायटिसचं पहिलं लक्षण असू शकतं. त्यात जंतू त्वचेखालच्या पडद्यातून पसरत जातात आणि मांस सडत जातं. उपचार ऑपरेशनच असतो, आणि तोही तासांच्या हिशोबाने. तेव्हा लाली रेघेच्या आत आहे म्हणून निश्चिंत राहायचं नाही. पुढची लक्षणं म्हणजे त्वचा जांभळी, राखाडी किंवा काळी पडणं, रक्ताळ गडद फोड येणं, आधी दुखणारा भाग बधिर होणं, लाकडासारखा घट्ट लागणं, दाबल्यावर आत चुरचुरणं, घाण वास येणं. स्वच्छ पाण्याचा छोटा फोड साध्या सेल्युलायटिसमध्येही येतो, पण तो दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

मधुमेहात नसा कमजोर झालेल्या असतील तर हे वेदनेचं मोजमाप खोटं ठरतं. त्यांना पाय सडत असतानाही कमी दुखू शकतं. "दुखत नाही, बरं आहे" हे त्यांच्या तोंडून ऐकून समाधान मानू नका. रंग, वास आणि साखर पाहा. नेहमी आटोक्यात असलेली साखर अचानक ३००-३५० च्या वर राहू लागली तर संसर्ग आटोक्यात नाही असं समजून निघा.

दुसरा धोका म्हणजे जंतूंचा परिणाम सगळ्या शरीरावर होणं. माणूस असंबद्ध बोलतो, उठवल्यावर नीट जागा होत नाही, शांत पडून असताना नाडी ११० च्या वर आहे, वरचा रक्तदाब १०० च्या खाली आहे, श्वास भरभर चाललाय, हातपाय थंड आणि चिकट आहेत, १२ तासांत लघवी झालेली नाही. यांपैकी एक जरी दिसलं तरी निघायचं. म्हाताऱ्या माणसांत ताप न येताही असं होतं, नुसता गोंधळलेपणा दिसतो. लागोपाठ दोन डोस उलटून पडले तरी हॉस्पिटल, कारण औषध पोटात टिकतच नाही. पायावरून मांडीकडे लाल रेषा चढताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि सोबत ताप वाढत असेल तर थेट हॉस्पिटल.

रात्री हे ठरवताना प्रवासाचा वेळ धरून ठरवा. घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर पावसात तास कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. रात्री ११ वाजता शंका आली तर सकाळच्या ओपीडीसाठी थांबू नका. १०८ ला फोन करा. चोवीस तास सर्जन असेल असं हॉस्पिटल निवडा, गल्लीतलं छोटं नर्सिंग होम या अवस्थेत उपयोगी पडत नाही. सरकारी सोयीत कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ पडतात. निघताना औषधांची पाकिटं, चिठ्ठी आणि रोजचे फोटो सोबत घ्या, आणि पायावरच्या रेघा पुसू नका. ड्युटीवरच्या डॉक्टरांना किती तासांत किती पसरलं ते त्या रेघांवरून लगेच कळतं. निघण्याआधी पेशंटला भरपेट जेवू घालू नका, ऑपरेशन लागू शकतं.

चिखल्या राहिल्या तर पाय पुन्हा लाल होतो

पाय बरा झाला की चिखल्यांकडे दुर्लक्ष होतं, आणि पुढच्या पावसात तोच पाय पुन्हा सुजतो. बोटांच्या बेचक्यांत टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम लावा, ज्यात स्टेरॉइड नाही. टर्बिनाफिन १ ते २ आठवडे आणि क्लोट्रिमॅझोल ४ आठवड्यांपर्यंत लावावं लागतं. दोन दिवसांत खाज गेली तरी थांबू नका, बुरशी अजून तिथेच असते. पाय धुतल्यावर बेचकी वेगळ्या कापडाने कोरडी करा. ओले बूट एक दिवस वाळत ठेवता येतील अशी बुटांची दुसरी जोडी असेल तर बघा, कारखान्यात काम करणाऱ्यांना हे जड जातं हे मला कळतं, पण निदान कोरडे मोजे डब्यासोबत न्या. टाचांच्या भेगांना रोज रात्री व्हॅसलिन लावा, ते बेचक्यांत मात्र लावू नका.

वर्षात दोन किंवा जास्त वेळा सेल्युलायटिस झाला असेल, किंवा पायाला हत्तीरोगाची सूज असेल, तर डॉक्टरांना पेनिसिलिनच्या रोजच्या छोट्या डोसबद्दल विचारा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, रोज दोनदा २५० मि.ग्रॅ. पेनिसिलिन वर्षभर घेणाऱ्यांत पुन्हा सेल्युलायटिस होण्याचं प्रमाण बरंच कमी झालं होतं. पण गोळ्या बंद केल्यावर तो फायदा हळूहळू ओसरला. त्यामुळे गोळ्या चालू असतानाच बेचकी कोरडी ठेवणं आणि सूज उतरवणं ही दोन कामं करावी लागतात. लाली आणि दुखणं पूर्ण गेल्यावर, पायाचा रक्तपुरवठा तपासून, योग्य मापाचे दाब देणारे मोजे वापरता येतात. ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घालायचे आणि रात्री काढायचे.